आईच्या ऑपरेशनसाठी महिनाभर भारतातून काम: ब्रिटनमधल्या एका विनंतीचं प्रकरण

मी ब्रिटनमधल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआरमध्ये काम करते. कर्मचाऱ्यांचे व्हिसा आणि परदेशातून काम करण्याच्या परवानग्या माझ्याकडे असतात. इथे लिहिलेलं प्रकरण आमच्याच एका सहकारीचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. हे प्रकरण निवडण्याचं कारण असं की एकाच महिन्यासाठी, एकाच माणसाने, एकाच कंपनीला दोनदा विचारलं. पहिल्यांदा नकार मिळाला, दुसऱ्यांदा होकार. मधल्या काळात ना कंपनीचं धोरण बदललं, ना तिच्या आईची गरज. बदलली ती फक्त विनंतीची मांडणी.

ती डेटा विश्लेषक आहे, भारतीय पासपोर्टवर आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे तिचं ब्रिटनमधलं वास्तव्य आमच्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर उभं आहे. भारतात आई आणि वडील दोघंच. आईचं वय 71, गुडघ्याची झीज इतकी की जिना उतरणं बंद झालेलं. ऑक्टोबरच्या मध्यावर एका गुडघ्याचं सांधेरोपण ठरलं. वडिलांची दृष्टी खूपच अधू, त्यामुळे रात्री उठून आईला वॉकरवर उभं करणं, औषधांच्या वेळा सांभाळणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. तिच्याकडे वर्षाच्या शिल्लक रजा होत्या आठ.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने मॅनेजरला चॅटवर लिहिलं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा होता: "आईचं ऑपरेशन आहे. तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. मला महिनाभर भारतातून काम करू द्याल का? तिची काळजी घेत घेत मी काम पूर्ण करेन, कामावर काही परिणाम होणार नाही." मॅनेजर भला माणूस. त्याने लगेच "माझी हरकत नाही" म्हटलं आणि निरोप पुढे पाठवला. चार दिवसांत दोन उत्तरं आली. आयटीने कळवलं की क्लायंटचा डेटा ब्रिटनबाहेरून पाहता येणार नाही. एचआरच्या सामायिक मेलवरून कळलं की धोरणानुसार परदेशातून थोडेच दिवस काम करता येतं आणि भारताच्या बाबतीत कराचा धोका आहे, सबब विनंती मान्य करता येत नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा खचलेली होती. म्हणाली, "ताई, मॅनेजर हो म्हणतोय, काम लॅपटॉपवरचं आहे, मग अडचण कुठे आहे?"

अडचण "काळजी घेत घेत" या शब्दांतच होती. तिला त्यातून तळमळ सांगायची होती. पण नकार देणाऱ्याला तेच वाक्य वेगळं ऐकू येतं: दुपारी तीनची मीटिंग सुरू असताना आईला बाथरूमला जायचं असेल तर काय? कंपनीचा न बोललेला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि तो कोणी तोंडावर विचारत नाही, कारण आजारी आईबद्दल असं विचारणं क्रूर वाटतं. मग माणसं कराचा, डेटाचा, धोरणाचा आधार घेतात. ती कारणं खोटी नसतात, पण बरीचशी सोडवता येण्यासारखी असतात. त्यामुळे दुसरी विनंती लिहिण्याआधी आम्ही दोन कामं वेगळी केली. आईला कोण कधी सांभाळणार, हे आधी ठरवलं. मग कंपनीच्या प्रत्येक हरकतीवर उत्तर शोधलं.

आधी इतर पर्याय तपासले, कारण मॅनेजर पहिला प्रश्न हाच विचारणार होता की रजा का घेत नाहीस. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून काळजीवाहू रजेचा कायदेशीर हक्क आहे. बारा महिन्यांत एक आठवडा, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, पण बिनपगारी. ज्याची काळजी घ्यायची त्याला तीन महिन्यांहून जास्त काळ लागणारा आजार किंवा दुखापत, अपंगत्व किंवा म्हातारपणामुळे आलेली गरज असावी लागते. आई-वडील यात येतात, कंपनी पुरावा मागू शकत नाही, आणि रजा नाकारू शकत नाही, फार तर महिनाभर पुढे ढकलू शकते. हक्क उपयोगाचा आहे, पण तो एकाच आठवड्याचा.

मग लांब बिनपगारी रजा? इथे व्हिसा आडवा येतो. स्किल्ड वर्कर व्हिसावरचा माणूस एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ बिनपगारी किंवा कमी पगारावर गैरहजर राहिला, तर काही ठरावीक अपवाद सोडता कंपनीला त्याचं प्रायोजकत्व थांबवावं लागतं. बाळंतपण आणि आजारपण या अपवादांत येतात. आईचं ऑपरेशन येतं असं गृहीत धरून चालणं धोक्याचं. हा नियम अनेक मॅनेजरना ठाऊकच नसतो, आणि "महिना-दीड महिना बिनपगारी घे ना" असं ते मायेने सुचवतात. पगार चालू ठेवून भारतातून काम करणं हा पर्याय तिच्यासाठी ऐष नव्हती. व्हिसाच्या दृष्टीने तोच सुरक्षित रस्ता होता, आणि हे आम्ही विनंतीत स्पष्ट लिहिलं.

तिच्या मैत्रिणीने तिला लवचीक कामाचा कायदेशीर अर्ज भरायला सांगितलं होतं. एप्रिल 2024 पासून तोही हक्क पहिल्या दिवसापासून मिळतो, कंपनीला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नकार देण्याआधी कर्मचाऱ्याशी बोलावं लागतं. मी तिला तो भरू नको म्हटलं. त्या कायद्यात कामाच्या जागेचा विचार कर्मचाऱ्याचं घर आणि कंपनीचं कार्यालय यांच्यातला आहे. परदेशातल्या आई-वडिलांचं घर त्यात बसवणं ओढूनताणून होतं. शिवाय मुदत ठरवून घेतली नाही तर तो करारातला कायमचा बदल ठरतो आणि दोन महिने वाट पाहायची तयारी लागते. तिला हवी होती ठरावीक मुदतीची लेखी परवानगी, तीही चार आठवड्यांच्या आत. कायद्याचा फॉर्म पुढे केला की समोरचा माणूस मदत करायचं सोडून बचाव करायला लागतो, हा माझा अनुभव आहे.

आता करांचं. "कराचा धोका आहे" एवढंच मोघम वाक्य लिहून नकार येतो, म्हणून हा भाग सावकाश उलगडून पाहण्यासारखा आहे.

पगार ब्रिटनच्या बँकेत जमा होतो म्हणून भारतात कर लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार भारतीय कायद्याच्या नजरेत भारतात कमावलेलाच असतो, तो जमा कुठेही होवो, आणि माणूस अनिवासी असला तरी. इथवर एचआरच्या मेलमधली काळजी बरोबर होती. पण भारत आणि ब्रिटन यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्यानुसार ब्रिटनच्या रहिवाशाने थोड्या काळासाठी भारतातून काम केलं तर तीन अटी पूर्ण झाल्यावर त्या पगारावर फक्त ब्रिटनमध्ये कर लागतो. एक, आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम 183 दिवसांच्या पुढे जाऊ नये. दोन, पगार देणारी कंपनी भारतातली नसावी. तीन, तो पगार भारतात कर भरणाऱ्या एखाद्या उद्योगाच्या नफ्यातून खर्च म्हणून वजा होणारा नसावा.

आमच्या कंपनीची भारतात शाखा नाही, त्यामुळे दुसरी आणि तिसरी अट आपोआप सुटली. पहिल्या अटीसाठी आम्ही तिच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून एप्रिलपासूनचे दिवस मोजले. भारताचं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि ब्रिटनचं 6 एप्रिलला, म्हणून मोजणी भारताच्या वर्षाप्रमाणे केली. मे महिन्यात ती एका लग्नाला जाऊन आली होती. ते दिवस आणि येणारा महिना मिळूनही ती मर्यादेच्या खूप खाली होती. ब्रिटनची कर-रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र तिथल्या महसूल खात्याकडून मागवता येतं. ते तिने आधीच मागवून ठेवलं, कारण कराराचा फायदा घेतला असं पुढे कधी सांगायची वेळ आली तर कागद तोच लागतो. पेरोलमध्ये काहीच बदलायचं नव्हतं. ती ब्रिटनची रहिवासी राहिली, कर नेहमीसारखा पगारातून कापला गेला, आणि तात्पुरतं बाहेर पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा राष्ट्रीय विमाही ब्रिटनमध्येच चालू राहतो.

कंपनीला खरी भीती वेगळ्या गोष्टीची असते: कर्मचाऱ्याच्या तिथे बसण्यामुळे कंपनीचंच भारतात आस्थापन, म्हणजे कराच्या नजरेत व्यवसायाचं ठिकाण, निर्माण झालं आणि नफ्यावर कर मागितला गेला तर? चार आठवडे आईच्या घरी बसून अहवाल तयार करणाऱ्या विश्लेषकामुळे हे होण्याची शक्यता फारच कमी. ती वाढते तेव्हा, जेव्हा तिथे बसलेला माणूस कंपनीच्या वतीने करार ठरवतो किंवा सह्या करतो. म्हणून आम्ही एक वाक्य लिहिलं की या काळात ती कोणत्याही क्लायंटशी दर किंवा अटी ठरवणार नाही आणि कशावरही कंपनीच्या वतीने सही करणार नाही. तिच्या कामात ते एरवीही नव्हतं, पण लिहिल्यावर वित्त विभागाची हरकत मिटली. ज्यांच्या कंपनीची भारतात भगिनी कंपनी आहे त्यांनी मात्र जास्त सावध राहायला हवं. ब्रिटनशी असलेल्या करारात अशा संबंधित कंपनीला सेवा देण्याची मर्यादा बारा महिन्यांत 30 दिवसांची आहे, आणि "तिकडे आहेसच तर तिथल्या टीमलाही थोडी मदत कर" अशी सहज केलेली विनंती नेमकी त्याच मर्यादेत मोजली जाऊ शकते.

आयटीच्या हरकतीत दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंडाळलेले होते. पहिला, वैयक्तिक माहिती देशाबाहेर जाते का? ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या मार्गदर्शनानुसार नियमांत बसणारं हस्तांतर होतं ते दुसऱ्या स्वतंत्र संस्थेकडे माहिती गेल्यावर. त्याच कंपनीचा कर्मचारी परदेशातून तीच यंत्रणा वापरत असेल तर ते तसं हस्तांतर ठरत नाही. सुरक्षिततेची जबाबदारी अर्थातच कायम राहते. हे माहिती संरक्षण पाहणाऱ्या सहकाऱ्याने दोन ओळींत लिहून दिलं.

दुसरा प्रश्न अवघड होता. क्लायंटशी केलेल्या करारांतच कधी कधी अट असते की त्यांचा डेटा ब्रिटनबाहेरून उघडायचा नाही. कायदा परवानगी देत असला तरी ती अट मोडता येत नाही. मी तिला तिच्या तीनही प्रकल्पांचे करार मॅनेजरकडून तपासून घ्यायला सांगितलं. दोनांत अशी अट नव्हती, तिसऱ्यात होती. तो क्लायंट सरकारी कामाशी जोडलेला होता आणि त्याच्याकडे सवलत मागण्यात अर्थ नव्हता. तिने स्वतःच तोडगा सुचवला: महिनाभर त्या क्लायंटचं काम शेजारच्या सहकाऱ्याने करायचं आणि त्याच्याकडचे अंतर्गत अहवाल तिने घ्यायचे. सहकाऱ्याशी ती विनंतीआधीच बोलली आणि त्याचा होकार मेलवर घेतला. मॅनेजरसमोर प्रश्न नेण्याऐवजी तिने सुटलेला प्रश्न नेला.

मग प्रवेशाची व्यवस्था. आमच्या यंत्रणेत ब्रिटनबाहेरून केलेलं लॉगिन आपोआप अडवलं जातं. आयटीने तिच्या खात्यापुरता, ठरावीक तारखांसाठी, फक्त कंपनीच्या लॅपटॉपवरून भारताचा मार्ग खुला केला. दुसऱ्या टप्प्याची ओळखपडताळणी तिची तेव्हा एसएमएसवर होती. परदेशात तो एसएमएस कधी येतो, कधी येत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी तिने ती फोनवरच्या पडताळणी ॲपवर नेली. हे तिथे पोहोचल्यावर करायला गेलं तर खातं कुलूपबंद होतं आणि ते उघडण्यासाठी लागणारा कोड त्याच न येणाऱ्या एसएमएसवर येतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण ती मला दर काही महिन्यांनी विचारली जाते. ब्रिटनमधल्या घरच्या राउटरवरून जोडणी फिरवून, आपण इथेच आहोत असं दाखवून काम करणं हा पर्याय नाही. लॉगिनच्या नोंदी, फोनची जागा, मीटिंगमधला आवाज, विमानतळावरचे शिक्के, काहीतरी उघडं पडतंच. मग मुद्दा आईचा राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो. प्रायोजित व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर ब्रिटनमध्ये राहण्याची मुदतही आक्रसते. इतका मोठा डाव एका महिन्यासाठी लावू नये.

सगळ्यांत जास्त वेळ आम्ही दिला तो वेळापत्रकाला. ब्रिटनमधलं घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. आमची कामाची वेळ सकाळी नऊ ते साडेपाच, म्हणजे भारतात दुपारी दीड ते रात्री दहा. आजारी माणसाच्या घरी हा फरक वरदान आहे. फिजिओथेरपिस्ट, ड्रेसिंग, डॉक्टरांची भेट हे सगळं सकाळी असतं, आणि सकाळ तिची पूर्ण मोकळी होती. पण तिचा महिना ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होता, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनचं घड्याळ एक तास मागे जातं. त्यानंतर तिचं काम रात्री अकराला संपलं असतं, म्हणजे आईला रात्रीचं औषध देऊन झोपवण्याची वेळ कामात गेली असती. तिने घड्याळ बदलल्यानंतर ब्रिटनच्या सकाळी आठला सुरुवात करण्याची परवानगी मागितली. भारतात दीड ते दहा हीच वेळ राहिली. टीमच्या रोजच्या बैठकीवर परिणाम झाला नाही, फक्त ब्रिटनच्या दिवसाचा शेवटचा एक तास ती उपलब्ध नव्हती.

आणि दीड ते दहा या वेळेत आईजवळ कोण? इथे तिला थोडं समजवावं लागलं. "मी घरात असताना बाई कशाला ठेवू? आईला परक्या माणसाकडून करून घ्यायला आवडत नाही," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, तू घरात आहेस पण कामाच्या वेळात तू तिच्याजवळ नाहीस, हे आईलाही आधी सांग. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर पहिले दोन आठवडे माणूस वॉकरशिवाय उभा राहत नाही, दर वेळी उठताना कोणीतरी बाजूला लागतं, आणि हे दिवसातून बऱ्याचदा होतं. त्यासाठी मीटिंग सोडून धावणारी मुलगी दोन्हीकडे थकते. तिने नर्सिंग ब्युरोकडून दुपारी एक ते रात्री नऊ अशी मदतनीस ठरवली. नऊ ते दहा हा तास वडील आईजवळ बसणार होते, तेव्हा आई अंथरुणातच असते. रात्रीची जबाबदारी मुलीची.

हा सगळा तपशील कंपनीला सांगायचा का, यावर आमचं दुमत होतं. आईची प्रकृती हा खासगी विषय, आणि वैद्यकीय कागद जोडायची काहीच गरज नव्हती. पण कामाच्या वेळेत आईसाठी वेगळी व्यवस्था आहे, एवढं एक वाक्य द्यायलाच हवं असं मला वाटत होतं. तिने ते दिलं. पुढे मॅनेजरने मला सांगितलं की त्याच्या वरिष्ठांनी सगळ्यांत आधी तेच वाचलं.

दुसरी विनंती एका पानाची होती. तिचा गाभा असा:

"माझ्या आईची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि घरी परतल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत सकाळ, रात्र आणि दवाखान्याच्या भेटींसाठी मी तिथे असणं आवश्यक आहे. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात मी पाच दिवस वार्षिक रजा घेईन आणि काम करणार नाही. पुढच्या सोमवारपासून चार आठवडे मी माझ्या नेहमीच्या तासांत, पूर्ण वेळ, भारतातल्या आई-वडिलांच्या पत्त्यावरून काम करण्याची परवानगी मागते. कामाच्या वेळेत आईसाठी मदतनीस ठरवली आहे. तिची प्रकृती अचानक बिघडली तर त्या वेळी मी काम करत असल्याचं दाखवणार नाही. मॅनेजरला कळवून रजा घेईन, त्यासाठी तीन दिवस शिल्लक ठेवले आहेत. मुदत वाढवायची वेळ आली तर नवी विनंती करेन. नकार आल्यास ठरलेल्या तारखेला परत येईन."

याखाली डेटा, कर आणि व्हिसा या तीन मुद्द्यांवर प्रत्येकी दोन-तीन ओळी, सहकाऱ्याचा मेल आणि दोन आठवड्यांनी आढावा घेण्याची तयारी. विनंती मॅनेजरच्या नावे गेली, पण वित्त, आयटी आणि माझ्या टीमने आपापला मुद्दा आधीच पाहिलेला होता. मॅनेजरच्या तोंडी होकारावर पहिल्यांदा सगळं अडलं होतं, कारण हा होकार त्याच्या एकट्याच्या हातात नसतो.

"रजा घेईन, काम करत असल्याचं दाखवणार नाही" या वाक्याने माझ्या मते सगळ्यांत जास्त काम केलं. "कामावर काही परिणाम होणार नाही" यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण परिणाम होणारच असतो. तो झाला तर काय करू, हे सांगणाऱ्यावर ठेवतात.

परवानगीच्या पत्रात तारखा, पत्ता, कामाची वेळ, वगळलेला क्लायंट, सह्यांबाबतचं वाक्य आणि परतीची तारीख होती. कंपनीच्या विमा कंपनीला कळवलं गेलं. प्रायोजक म्हणून आमच्यावर असलेल्या जबाबदारीचाही विचार केला: कर्मचाऱ्याचं नेहमीचं कामाचं ठिकाण बदललं तर गृह खात्याला दहा कामाच्या दिवसांत कळवावं लागतं. हा बदल तात्पुरता होता आणि तिचं नेहमीचं ठिकाण तेच राहणार होतं, तरी आम्ही पत्राची प्रत तिच्या फाइलला लावली, म्हणजे कधी तपासणी झालीच तर ती कुठे आणि का होती याचा कागद तयार असेल. भारतीय पासपोर्टमुळे तिला भारतात काम करायला वेगळी परवानगी लागत नव्हती. तिने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असतं आणि पर्यटक व्हिसावर गेली असती, तर तिथेच विनंती थांबली असती. पर्यटक व्हिसा काम करण्यासाठी नसतो.

महिना कसा गेला, तेही सांगते. शस्त्रक्रिया सोमवारी झाली आणि आई त्याच आठवड्यात घरी आली. पहिल्या कामाच्या दिवसाच्या आदल्या रात्री, रविवारी, तिने लॉगिन करून पाहिलं. लॅपटॉप उघडला, पण अहवालांची यंत्रणा अडली, कारण आयटीने एका यंत्रणेचा देश-नियम बदलला होता आणि दुसरीचा राहिला होता. ड्युटीवरच्या माणसाने ते सोमवारी सकाळी, भारतातली दुपार होण्याआधी, दुरुस्त केलं. रविवारी पाहिलं नसतं तर पहिला अर्धा दिवस गेला असता. वीज दोनदा गेली. राउटरला छोटं बॅकअप लावलेलं होतं आणि फोनवर दुसऱ्या कंपनीचं सिम, त्यामुळे एकही मीटिंग सुटली नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात झाली. दुपारी चारच्या सुमारास मदतनीसाने सांगितलं की आईची ऑपरेशन झालेल्या पायाची पोटरी सुजली आहे आणि दाबलं की दुखतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर थोडी सूज असतेच, पण एकाच पोटरीची नव्याने वाढलेली, दुखरी सूज म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती वाट पाहण्याची गोष्ट नव्हे. तिने मॅनेजरला तीन ओळी लिहिल्या: आईला आत्ता तपासणीसाठी नेते आहे, आजचा उरलेला दिवस रजा धरा, साडेपाचचा अहवाल सहकाऱ्याच्या फोल्डरमध्ये अर्धा तयार आहे. डॉपलर तपासणीत गुठळी नव्हती. रात्री घरी आल्यावर तिला काम भरून काढायची इच्छा झाली होती, ती तिने आवरली. अर्धा दिवस रजा म्हणून नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने फक्त आई कशी आहे एवढंच विचारलं.

दोन आठवड्यांचा आढावा पंधरा मिनिटांत संपला. अंतर्गत अहवाल वेळेवर निघाले होते. सहकाऱ्यावर मात्र ताण आला होता, कारण त्याने घेतलेल्या क्लायंटने मधेच जादा काम मागितलं. तिने त्याच्याकडचं आणखी एक काम उचलून तो हलका केला. देवाणघेवाण ठरवताना दोन्ही बाजूंचं काम त्या महिन्यात वाढू शकतं, हे पुढच्या वेळी मी आधीच विचारेन.

तिसऱ्या आठवड्यात मुदतवाढीचा प्रश्न आलाच. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकत होता, आई घरात वॉकरने एकटी चालत होती, पण जिना अजून जमत नव्हता. तिला आणखी दोन आठवडे हवे होते. मी तिला सांगितलं की भारतातून कामाची मुदत वाढवायची तर कर, डेटा, सहकारी सगळं पुन्हा मांडावं लागेल, आणि त्या क्लायंटचं काम सहकारी फार काळ ओढू शकणार नाही. तिने तेव्हा वेगळा रस्ता घेतला. काळजीवाहू रजेचा एक आठवडा, बिनपगारी. सूचना द्यावी लागते मागितलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस आधी, म्हणजे पाच दिवसांच्या रजेसाठी दहा दिवस. तिने ती चौथा आठवडा लागण्यापूर्वीच दिलेली असल्याने मुदतीत बसली. बिनपगारी दिवस वर्षाच्या चार आठवड्यांच्या मर्यादेत खूप आत होते. त्या आठवड्यात तिने लॅपटॉप उघडला नाही. आईला जिन्याच्या पायऱ्यांचा सराव करून दिला आणि मदतनीसाचे तास पुढच्या दोन महिन्यांसाठी सकाळचे करून घेतले.

ती परतल्यावर फाइल बंद करताना आम्ही चार गोष्टी एकत्र ठेवल्या: परवानगीचं पत्र, विमानाच्या तारखांचे पुरावे, भारतात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची यादी आणि कर-रहिवासाचं प्रमाणपत्र. दिवसांची यादी फक्त करासाठी नाही. कायमच्या वास्तव्याच्या अर्जात कोणत्याही बारा महिन्यांत 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही, आणि पगार चालू होता म्हणून ते दिवस त्यातून वगळले जात नाहीत. तिच्या वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी आहे. त्यासाठीची नवी मोजणी तिने या यादीखालीच सुरू केली आहे.